तीन आकड्यांचा स्कोअर: पिकलबॉल डबल्समध्ये सर्व्हिस कोणाची आणि पॉइंट कोणाला

नागपुरात पिकलबॉलच्या कोर्टावर नव्याने येणाऱ्यांत बॅडमिंटन खेळलेली माणसं बरीच असतात. त्यांचा हात लवकर बसतो. प्लास्टिकचा भोकं असलेला बॉल किती उसळतो याचा अंदाज एक-दोन सकाळी खेळलं की येतो. अडतं ते स्कोअरपाशी. एखादी लांबलचक रॅली जिंकून माणूस आनंदाने पार्टनरच्या पॅडलला पॅडल लावतो आणि समोरचा शांतपणे सांगतो, "पॉइंट नाही झाला जी, सर्व्हिस आमची होती." मग ठरलेला प्रश्न येतो, "आपण रॅली जिंकलो नं? मग पॉइंट काऊन नाही?"

या प्रश्नाचं उत्तर आधी नीट समजून घ्या, कारण तिथूनच बाकीचा स्कोअर सुटत जातो. सर्व्हिस करताना ओरडायचा तिसरा आकडासुद्धा त्याच उत्तरातून निघतो.

पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्यांनाच का

पिकलबॉल १९६५ साली अमेरिकेत, सिअॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर सुरू झाला, तोही एका घरच्या बॅडमिंटन कोर्टावर. म्हणून आजही कोर्टाचं माप बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाइतकंच आहे, ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. मापाबरोबर त्या काळच्या बॅडमिंटनची गुणपद्धतही या खेळात आली. तेव्हा बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच पॉइंट मिळायचा आणि डबल्समध्ये जोडीतल्या दोघांनाही सर्व्हिसची पाळी मिळायची. बॅडमिंटनने २००६ मध्ये ही पद्धत सोडली आणि प्रत्येक रॅलीला पॉइंट द्यायला सुरुवात केली. आपल्या मानकापूरच्या क्रीडा संकुलात २०१७ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिच्या अंतिम सामन्यात सायनाने सिंधूला २१-१७, २७-२५ असं हरवलं, ते याच नव्या पद्धतीने. त्यामुळे तिशीच्या आतल्या खेळाडूला जुनी पद्धत माहीत असण्याचं कारणच नाही. पन्नाशीचे काका मात्र ‘सेकंड सर्व्हिस’ म्हटलं की लगेच ओळखतात.

पण पिकलबॉलने ही पद्धत नुसती जुनी सवय म्हणून ठेवलेली नाही. या खेळात ती शोभते, आणि त्याचं कारण दोन टप्प्यांच्या नियमात आहे. सर्व्हिस आली की रिसीव्हरने बॉलचा टप्पा पडू द्यायचा. रिसीव्हरने परत मारलेला बॉल सर्व्हिस करणाऱ्या बाजूनेही टप्पा पडू द्यायचा. हे दोन टप्पे झाल्यावरच कोणी हवेतल्या हवेत बॉल मारू शकतो.

आता कोर्टावर काय होतं ते बघा. नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. त्या पट्ट्यात उभं राहून बॉल हवेत मारता येत नाही, पण पट्ट्याच्या रेषेला लागून बाहेर उभं राहणं ही डबल्समधली सगळ्यात भक्कम जागा आहे. रिसीव्हरचा पार्टनर तर सुरुवातीपासूनच तिथे उभा असतो. रिसीव्हर बॉल खोलवर परत मारतो आणि त्याच झपाट्यात पुढे येतो. सर्व्हिस करणाऱ्या जोडीला मात्र दुसऱ्या टप्प्याची वाट बघत मागे बेसलाइनपाशी थांबावं लागतं. म्हणजे तिसरा फटका मारण्याच्या क्षणी एक जोडी नेटजवळ आणि दुसरी शेवटच्या रेषेवर. त्यात सर्व्हिस खालून मारायची असते, त्यामुळे टेनिससारखा एका सर्व्हिसवर पॉइंट सहसा निघत नाही.

थोडक्यात, या खेळात सर्व्हिस करणारी बाजू रॅलीच्या सुरुवातीला कमकुवत असते. पॉइंट हवा असेल तर या अवघड जागेवरून रॅली जिंकून दाखवा, असं ही पद्धत सांगते. आणि काम अवघड असल्यामुळे प्रत्येक जोडीला एका पाळीत एक नव्हे, दोन सर्व्हर मिळतात. पहिला रॅली हरला तरी दुसरा असतो. दुसराही हरला की सर्व्हिस समोर जाते, त्याला साईड आऊट म्हणतात. रिसीव्ह करणाऱ्या बाजूने रॅली जिंकली तर तिला पॉइंट मिळत नाही. तिला मिळतं ते समोरचा एक सर्व्हर बाद होणं, आणि तो दुसरा असेल तर थेट सर्व्हिस.

तीन आकडे, ठरलेल्या क्रमाने

सर्व्हिस करण्याआधी सर्व्हरने मोठ्याने तीन आकडे म्हणायचे. पहिला आपला स्कोअर, दुसरा समोरच्यांचा स्कोअर, तिसरा सर्व्हर नंबर, म्हणजे एक किंवा दोन. ‘चार-सहा-एक’ याचा अर्थ आमचे चार, तुमचे सहा, आणि मी या पाळीतला पहिला सर्व्हर.

‘आपला’ म्हणजे ज्याची सर्व्हिस चालू आहे त्याचा. म्हणून साईड आऊट झाला की पहिल्या दोन आकड्यांची अदलाबदल होते. समोरचे ‘सहा-चार-दोन’ म्हणत होते आणि हरले, तर सर्व्हिस तुमच्याकडे आल्यावर तुम्ही म्हणायचं ‘चार-सहा-एक’. पॉइंट कोणाचाच बदललेला नाही, फक्त बोलणारा बदलला. नवीन माणूस इथे हमखास समोरच्यांनी म्हटलेलाच क्रम पुढे चालवतो.

तीनही आकडे पूर्ण म्हणून झाल्यावरच बॉल मारायचा. आकडे म्हणता म्हणता मारला तर ते नियमाला धरून नाही, आणि व्यवहारातही त्यातूनच भांडणं लागतात. हॉलमध्ये मोठे पंखे चालू असतात, शेजारच्या कोर्टावर वेगळाच स्कोअर ओरडला जात असतो. अशा वेळी पुटपुटलेला ‘तीन-दोन-एक’ समोर ‘दोन-दोन-एक’ ऐकू जातो आणि चार रॅलींनंतर वाद होतो. स्कोअर म्हटल्यापासून सर्व्हिस करायला दहा सेकंद असतात. तेवढा वेळ पुष्कळ आहे. समोरचे तयार आहेत का ते बघा, स्पष्ट म्हणा, मग मारा.

तिसऱ्या आकड्याबद्दल एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाका. एक आणि दोन हे माणसांना कायमचे चिकटलेले नंबर नाहीत. ‘मी एक, तू दोन’ असं जोडीने सामना सुरू होण्याआधी ठरवून टाकलं तर दुसऱ्या पाळीतच सगळं फिसकटतं. नंबर त्या एका पाळीपुरता असतो. सर्व्हिस तुमच्या बाजूला आली त्या क्षणी जो उजव्या कोर्टात असायला हवा, तो त्या पाळीत नंबर एक. पुढच्या पाळीत तोच माणूस नंबर दोन असू शकतो.

सुरुवात शून्य-शून्य-दोनने

सामना सुरू करणारा सर्व्हर म्हणतो ‘शून्य-शून्य-दोन’. पहिलीच सर्व्हिस आणि नंबर दोन कसा, हे सगळ्यांनाच खटकतं. कारण असं की सुरुवात करणाऱ्या जोडीला तिच्या पहिल्या पाळीत एकच सर्व्हर मिळतो. दोन मिळाले असते तर टॉस जिंकणाऱ्याला पॉइंट काढायच्या दोन संधी समोरच्यांच्या आधी मिळाल्या असत्या. म्हणून पहिला सर्व्हर जणू दुसरा आहे असं धरायचं. तो रॅली हरला की लगेच साईड आऊट. जुन्या बॅडमिंटन डबल्समध्येही सुरुवातीच्या जोडीला एकच सर्व्हिस असायची. काही कोर्टांवर लोक ‘शून्य-शून्य-स्टार्ट’ म्हणतात, अर्थ तोच.

एक सामना रॅलीगणिक

आता चार माणसं घेऊ. एका बाजूला काका आणि काकू. सुरुवातीला काका उजवीकडे, काकू डावीकडे. समोर ताई आणि दादा. त्यांच्यात ताई उजवीकडे, दादा डावीकडे. उजवं-डावं नेहमी आपण नेटकडे तोंड करून उभे असताना धरायचं. सर्व्हिस तिरपी जाते, उजवीकडून समोरच्याच्या उजव्या कोर्टात आणि डावीकडून डाव्या कोर्टात. कागदावर चार नावं लिहून सोबत सरकवत वाचलंत तर एकदाच वाचावं लागेल.

काका उजवीकडून म्हणतात ‘शून्य-शून्य-दोन’ आणि ताईला सर्व्हिस करतात. काका-काकू रॅली जिंकतात. एक पॉइंट. आता काका आणि काकू आपापसात जागा बदलतात. काका डावीकडे, काकू उजवीकडे. सर्व्हिस काकांचीच राहते. जिंकत राहीपर्यंत तोच माणूस, फक्त दर पॉइंटला बाजू बदलून. ताई-दादा जागचे हलत नाहीत. जागा बदलणं हे पॉइंट मिळवणाऱ्या सर्व्हिसच्या जोडीचं काम आहे.

काका डावीकडून ‘एक-शून्य-दोन’ म्हणतात, समोर डावीकडे दादा आहे. या वेळी रॅली ताई-दादा जिंकतात. पॉइंट कोणालाच नाही. काकांचा नंबर दोन होता, म्हणून साईड आऊट.

सर्व्हिस समोर गेली. ताई उजवीकडे आहे, म्हणून ती नंबर एक. ती म्हणते ‘शून्य-एक-एक’. समोर उजवीकडे आता काकू आहेत, त्या रिसीव्ह करतात. ताई-दादा रॅली हरतात. पॉइंट नाही, जागाही बदलायची नाही. सर्व्हिस दादाकडे जाते आणि तो जिथे उभा आहे तिथूनच, म्हणजे डावीकडून, ‘शून्य-एक-दोन’ म्हणून काकांना सर्व्हिस करतो.

इथे क्षणभर थांबा, कारण याच जागी सगळ्यात जास्त लोक चुकतात. स्कोअर शून्य आहे, म्हणजे सम. ‘सम असेल तर उजवीकडून सर्व्हिस’ हे वाक्य सिंगल्समध्ये खरं आहे, म्हणून लोक दादाला उजवीकडे ढकलतात. डबल्समध्ये ते सर्व्हरला लागू होत नाही. दुसरा सर्व्हर नेहमी आपल्या असलेल्या जागेवरून सुरू करतो, मग ती उजवी असो की डावी.

दादा ही रॅली जिंकतो. स्कोअर एक-एक. ताई-दादा जागा बदलतात, दादा उजवीकडे येऊन ‘एक-एक-दोन’ म्हणतो आणि काकूंना सर्व्हिस करतो. पुन्हा जिंकतो. पुन्हा जागा बदलून डावीकडून ‘दोन-एक-दोन’, समोर काका. ही रॅली मात्र हरतो. नंबर दोन होता, साईड आऊट.

आता काका-काकूंची पाळी आणि त्यांचा स्कोअर एक. कोण सर्व्हिस करणार? सवयीने काका पुढे होतात, कारण मागच्या वेळी त्यांनीच सुरुवात केली होती. पण उजवीकडे काकू आहेत. म्हणून या पाळीत काकू नंबर एक. त्या म्हणतात ‘एक-दोन-एक’ आणि समोर उजवीकडे असलेल्या ताईला सर्व्हिस करतात. जिंकतात. जागा बदलतात आणि काकू डावीकडून दादाला ‘दोन-दोन-एक’. हरतात. सर्व्हिस काकांकडे, ते आता उजवीकडे आहेत, तिथूनच ‘दोन-दोन-दोन’ म्हणून ताईला. तेही हरले तर साईड आऊट, आणि समोरून उजवीकडची ताई म्हणते ‘दोन-दोन-एक’.

इतक्या रॅली झाल्या आणि स्कोअर दोन-दोन. नवीन खेळाडूला हे फार संथ वाटतं. पण त्यातच या पद्धतीची गंमत आहे. तुम्ही चार-दहाने मागे असाल तरी समोरच्यांना शेवटचा पॉइंट त्यांच्या सर्व्हिसवरच काढावा लागतो. त्यांचे दोन्ही सर्व्हर परतवले की सर्व्हिस तुमची, आणि तुमच्या पाळीत तुम्ही रॅली हरलात तरी त्यांना एक पॉइंटही मिळत नाही.

गोंधळ झाला तर कसं सोडवायचं

प्रत्येक जोडीत सामना सुरू होताना एक जण उजवीकडे असतो. त्याला लक्षात ठेवा. आपल्या उदाहरणात काका आणि ताई. जोडीचा स्वतःचा स्कोअर सम असेल तेव्हा तो माणूस उजवीकडे असायला हवा, विषम असेल तेव्हा डावीकडे. जोडी सर्व्हिस करत असो की रिसीव्ह, हे दोन्ही वेळी खरं असतं. मोठ्या स्पर्धांत सुरुवातीच्या सर्व्हरच्या हाताला ओळखीसाठी पट्टी बांधतात. तुमच्या सकाळच्या खेळात साधं रबर बँड मनगटात घातलं तरी काम होतं.

समजा, स्कोअर पाच-तीन आहे आणि कोण कुठे हेच आठवत नाही. काका-काकूंचे पाच, म्हणजे विषम, काका डावीकडे, काकू उजवीकडे. समोर तीन, तोही विषम, ताई डावीकडे, दादा उजवीकडे. झालं, चौघंही जागेवर. हा हिशेब रॅली सुरू असताना लावू नका, त्या वेळी कोणी कुठेही पळालेलं असतं. सर्व्हिस मारण्याआधी लावा.

हा हिशेब एक गोष्ट मात्र सांगू शकत नाही, ती म्हणजे सर्व्हर नंबर. पाच-तीन-एक आणि पाच-तीन-दोन, दोन्हीत काका-काकू त्याच जागांवर असतात. फरक इतकाच की पहिल्यात एक सर्व्हर शिल्लक आहे, दुसऱ्यात नाही. नंबर फक्त आठवणीतून येतो. म्हणून तो प्रत्येक सर्व्हिसला मोठ्याने म्हणायचा, म्हणजे चौघांच्या डोक्यात एकच आकडा राहतो. सर्व्हरच्या पार्टनरने सर्व्हिसआधी एक किंवा दोन बोटं दाखवायची सवय लावली तर पंख्यांच्या आवाजातही अडत नाही. माझ्या मते नवख्या जोडीने सर्वांत आधी हीच सवय लावावी.

समोरच्याने स्कोअर चुकीचा म्हटला असं वाटलं तर कधी थांबवायचं? सर्व्हिस परत मारण्याआधी. तोपर्यंत कोणीही खेळ थांबवू शकतो, आणि स्कोअर खरंच चुकला असेल तर तो दुरुस्त करून रॅली पुन्हा खेळतात. बॉल परत मारल्यावर थांबवलं तर नियमाप्रमाणे थांबवणाऱ्याचाच फॉल्ट होतो. रोजच्या खेळात कोणी इतकं ताणत नाही, पण सवय योग्य वेळी हात वर करण्याचीच ठेवा. आणि शंका असेल तर सर्व्हिसआधी सरळ विचारा, "काकू, दुसरी सर्व्हिस नं ही?" विचारण्यात काही कमीपणा नाही, नियमही विचारू देतो.

आणखी एक चूक कोर्टावर नेहमी दिसते. रिसीव्ह करणारी जोडी रॅली हरते, समोर पॉइंट जातो, आणि ते दोघेही समोरच्यांचं बघून आपापसात जागा बदलतात. मग पुढची सर्व्हिस पुन्हा त्याच माणसाकडे येते. रिसीव्ह करताना एकच नियम पाळा, समोरच्यांची पाळी सुरू झाली तेव्हा जो जिथे होता, ती पाळी संपेपर्यंत प्रत्येक रॅलीच्या सुरुवातीला तो तिथेच. सर्व्हर बाजू बदलत असल्यामुळे सर्व्हिस आपोआप एकदा एकाला आणि एकदा दुसऱ्याला येते. त्याच रिसीव्हरकडे लागोपाठ दोनदा यायला लागली तर कोणीतरी चुकीच्या जागी आहे, हे लगेच ओळखा.

सामना कुठे संपतो

साधा सामना अकरा पॉइंटचा, आणि दोनची आघाडी हवी. दहा-दहा झालं तर अकरावर संपत नाही, बारा-दहा किंवा पुढे तेरा-अकरा, असं दोनचं अंतर पडेपर्यंत चालतं. काही स्पर्धांत पंधरा किंवा एकवीसपर्यंत खेळतात.

शेवटाकडे तिसरा आकडा नुसता हिशेबाचा राहत नाही, त्यावर खेळ ठरतो. ‘दहा-नऊ-एक’ असताना तुम्ही थोडं धाडस करू शकता, तिसरा फटका जोरात मारून बघू शकता, कारण चुकलं तरी पार्टनरची सर्व्हिस शिल्लक आहे. ‘दहा-नऊ-दोन’ असताना तोच फटका नेटमध्ये गेला तर सर्व्हिस समोर जाते आणि ‘नऊ-दहा-एक’ ऐकू येतं, म्हणजे त्यांच्याकडे बरोबरी करायला दोन सर्व्हर. अशा वेळी तिसरा फटका हळू, किचनमध्ये पडेल असा टाकून आधी दोघांनी पुढे यावं.

काही स्पर्धांत आणि काही कोर्टांवर आता रॅली स्कोअरिंगही खेळतात, त्यात प्रत्येक रॅलीला पॉइंट असतो आणि बहुधा सर्व्हर नंबर नसतो. वेळ ठरलेला असेल आणि बाकावर आठ जण थांबले असतील तेव्हा ते सोयीचं पडतं. म्हणून अनोळखी लोकांबरोबर उतरताना पहिल्या सर्व्हिसआधीच विचारून घ्या, पॉइंट सर्व्हिसवर की रॅलीवर, आणि कितीचा सामना.